इंट्राडे, स्विंग की पोझिशनल? आधी क्वांटिटी कमी करून बघा

“मॅडम, मला धीर नाही. शेअर घेतला की रात्री झोप लागत नाही, म्हणून मी इंट्राडेच करतो. पण त्यातही पैसे जातायत. माझ्या स्वभावाला नक्की काय जमेल? इंट्राडे, स्विंग की पोझिशनल?”

हे विचारणारे गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहेत. वय छत्तिशीचं, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. पगारातून भर घालून ट्रेडिंगसाठी ठेवलेलं भांडवल दोन लाख. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे हीच तक्रार घेऊन इतके जण आले, की त्यांच्याबद्दल लिहिलं तर बऱ्याच जणांना उत्तर मिळेल असं वाटलं. इंट्राडे म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकणं, स्विंग म्हणजे काही दिवस ते काही आठवडे ठेवणं, आणि पोझिशनल म्हणजे कित्येक महिने ठेवणं.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, त्या घटनेकडे तो ज्या आग्रहाने बघतो तो आग्रह अस्वस्थ करतो, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण मी रोज वापरते. त्यामुळे “माझा स्वभावच असा” हे वाक्य मी पुराव्याशिवाय स्वीकारत नाही. पुढच्या भेटीला मी त्यांना एका महिन्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स छापून आणायला सांगितल्या.

त्यातला एक बुधवार आम्ही टेबलावर घेतला. नफा-तोट्याचा रकाना मी कागदाने झाकला आणि म्हटलं, “फक्त वेळ आणि क्वांटिटी वाचा.”

ते वाचू लागले. ९:२२ ला १०० शेअर. ९:४१ ला २००. ९:४८ ला २००. ९:५२ ला ४००. चौथ्या ओळीला त्यांचा आवाज उतरला.

“पहिल्या सौद्याआधी काय बघितलं होतं?”

“आदल्या रात्री चार्ट बघून लेव्हल लिहून ठेवली होती.”

“आणि पुढच्या तीनांना?”

बराच वेळ ते कागदाकडेच बघत राहिले. “काहीच नाही. पहिल्यात १,४०० गेले होते, ते काढायचे होते. तेव्हा पहिली पाळी होती. लाइन बंद पडली होती, मी पॅनेलच्या मागे उभा राहून मोबाईलवर हे करत होतो.”

आमच्या कामातला कळीचा क्षण हाच होता. या माणसाला धीर नव्हता असं नाही. इंट्राडेला तर सगळ्यात जास्त धीर लागतो. सव्वानऊपासून स्क्रीनसमोर बसायचं, आपल्या अटीत बसणारं काही आलं नाही तर हात बांधून दिवस घालवायचा, आणि ठरलेला तोटा झाला की ॲप बंद करून उठायचं. यांना सहन होत नव्हती ती वेगळीच गोष्ट, दिवसाच्या शेवटी उभा राहिलेला तोटा. “आजचं नुकसान आज भरून निघालंच पाहिजे” हा आग्रह त्यांना ४०० शेअर घ्यायला लावत होता. असा आग्रह असलेल्या माणसासाठी इंट्राडे ही सगळ्यात धोक्याची जागा, कारण तिथे तोटा भरून काढायची पुढची संधी चार मिनिटांवर उभी असते.

मग खर्चाचा हिशेब मांडला. त्यांचा एक सौदा साधारण एक लाखाचा असायचा. खरेदी-विक्रीचं ब्रोकरेज मिळून ४० रुपये, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी हा व्यवहारावरचा कर म्हणजे २५ रुपये, त्यावर स्टॅम्प ड्यूटी, एक्स्चेंजचे चार्जेस आणि जीएसटी. सगळे मिळून ८० रुपयांच्या आसपास. दिवसाला असे सहा सौदे, महिन्याला वीस दिवस, म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर. दोन लाखांवर महिन्याला जवळजवळ पाच टक्के कमावले, तर हा माणूस शून्यावर येणार. भांडवल लहान आणि सौदे जास्त असले की शेअरची निवड बरोबर असूनही पैसे का उरत नाहीत, ते त्यांना या एका आकड्याने कळलं. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात व्यक्ती तोट्यात होत्या, आणि वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. तो आकडा त्यांना माहीत होता. आपण त्यात का आहोत, ते आता दिसलं.

राहिला झोपेचा प्रश्न. “शेवटचा शेअर रात्रभर कधी ठेवला होता?” मी विचारलं.

“निकालाच्या आदल्या दिवशी.”

४ जून २०२४. लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला आणि सरकारी कंपन्यांचे शेअर त्याहून कितीतरी जास्त. यांचे तेव्हाचे अडीच लाख जवळजवळ पूर्ण एकाच सरकारी कंपनीत होते. एका दिवसात ३५ हजार गेले. त्या दिवसानंतर “रात्रभर ठेवणं आपल्याला झेपत नाही” असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि ते इंट्राडेकडे वळले.

“सगळं भांडवल एका शेअरमध्ये, तेही निकालाच्या आदल्या रात्री. अशा वेळी झोप न लागणं हा स्वभावाचा दोष नाही,” मी म्हटलं. “क्वांटिटी मोठी होती. भीतीने तेच सांगितलं.”

इतक्या लोकांशी बोलून माझं जे मत पक्कं झालंय ते सांगते. बहुतेक माणसं ज्याला आपला स्वभाव समजतात, ती त्यांची क्वांटिटी असते. म्हणून पद्धत निवडण्याआधी रक्कम इतकी खाली आणायची, की तोटा झाला तरी जेवण नेहमीसारखं जाईल. त्यानंतरही जी चुळबूळ उरते, ती तुमची स्वतःची. तिच्यावरून पद्धत ठरवा.

आम्ही अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात केली. दोन लाखांचा अर्धा टक्का म्हणजे एका सौद्यात जास्तीत जास्त १,००० रुपयांचा तोटा. शेअर ५०० ला घेतला, तोटा मान्य करून विकायचा भाव, म्हणजे स्टॉपलॉस, ४७० ला. एका शेअरमागे धोका ३० रुपये. १,००० भागिले ३०, म्हणजे ३३ शेअर, साडेसोळा हजारांचे.

“एवढ्याने काय होणार मॅडम?” त्यांचा चेहरा पडला.

“उद्या तो शेअर गॅप डाऊन होऊन ४५० ला उघडला तर?”

त्यांनी स्वतःच गणित केलं. ३३ शेअरवर १,६५०. पूर्वीसारखे सगळे पैसे घातले असते तर ४०० शेअरवर २०,००० गेले असते. रात्रीच्या गॅपला स्टॉपलॉस अडवू शकत नाही, तिथे कमी क्वांटिटीच वाचवते. हे त्यांनी कागदावर दोनदा लिहून बघितलं.

वेळेचा मुद्दा पाळ्यांनीच सोडवला. पहिल्या पाळीत बाजाराची सगळी वेळ कारखान्यात जाते, म्हणून दिवसभर बघावं लागेल असं काहीही बाद. बाजार साडेतीनला बंद झाल्यावर अर्धा तास मिळतो, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो सकाळी. स्विंगला तेवढा पुरतो. ऑर्डर जीटीटीने, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाईल अशी, आधीच लावून ठेवायची. इथे दोन गोष्टी मी मुद्दाम तपासायला सांगते. एक, डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला कायमची परवानगी, दिलेलं आहे का, कारण नसेल तर डीमॅटमधले शेअर विकायला त्या त्या वेळी टीपिन हा पासवर्ड लागतो आणि आपण कारखान्यात असताना स्टॉपलॉसची विक्री अडते. दुसरी, ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ४७० ठेवून लिमिट, म्हणजे विकायचा किमान भाव, हीदेखील ४७० च ठेवली, तर भाव त्याखाली उघडल्यावर ऑर्डर नुसतीच पडून राहते. लिमिट थोडी खाली हवी, आणि मोठ्या गॅपनंतर त्या दिवशी एकदा ॲप उघडून विक्री झाली की नाही ते बघायलाच हवं.

अशा दहा सौद्यांनंतर ते आले तेव्हा झोपेचा विषयच निघाला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “हो, झोपतो की!” पण त्यांच्या वहीत नवीन काहीतरी दिसलं. तोट्याचे सौदे ठरल्या जागी बंद झाले होते, नफ्याचे मात्र तीन-चार टक्क्यांतच विकले होते. हातात आलेला नफा परत जाताना त्यांना बघवत नव्हता. लहान क्वांटिटीतही हे टिकलं, तेव्हा मी त्याला स्वभाव मानलं.

आणि याच स्वभावामुळे पोझिशनल त्यांच्यासाठी नाही. तिथे शेअर कित्येक महिने ठेवायचा असतो. ४० टक्के वर गेलेला शेअर २० टक्क्यांवर येऊन पुन्हा चढताना शांत बसावं लागतं. स्टॉपलॉसही लांब असतो. त्याच ५०० च्या शेअरला तो ४२५ ला ठेवला, तर १,००० रुपयांच्या धोक्यात जेमतेम १३ शेअर येतात. चार महिन्यांत २० टक्के मिळाले तरी हाती १,३०० रुपये. पोझिशनलला वेळ सगळ्यात कमी लागतो, आठवड्यातून एकदा शुक्रवारचा बंद भाव बघितला तरी चालतं. पण लहान भांडवलावर तिथून महिन्याचा खर्च निघेल अशी अपेक्षा ठेवणारा माणूस दुसऱ्या महिन्यातच कंटाळून विकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला हीच पद्धत उत्तम जमते, कारण पेन्शन चालू आहे आणि या पैशाची त्यांना घाई नाही.

या इंजिनिअरना स्विंग दिलं, टार्गेट आणि स्टॉपलॉस दोन्ही खरेदीच्याच वेळी लावून. म्हणजे तीन टक्क्यांना बोट शिवशिवलं तरी ठरवून झालेलं असतं. डिलिव्हरीला एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्का लागतो, म्हणजे एका सौद्यापुरता टक्केवारीने खर्च इंट्राडेपेक्षा जास्तच. पण साडेसोळा हजारांच्या सौद्याला, डिलिव्हरीवर ब्रोकरेज न घेणाऱ्या ब्रोकरकडे, डीमॅटमधून शेअर काढायच्या डीपी चार्जसकट पन्नासेक रुपये होतात, आणि महिन्याला सौदे पाच-सहाच.

एक सवय मात्र मी त्यांच्याकडून लिहून घेतली, कारण स्विंगवाल्यांचा घात तिथेच होतो. भाव स्टॉपलॉसखाली गेला की ऑर्डर काढून टाकायची आणि म्हणायचं, “कंपनी चांगली आहे, लाँग टर्म ठेवतो.” इंट्राडेवाले तेच करतात, तीन वाजता तोट्यातला सौदा डिलिव्हरीत बदलून. कालावधी खरेदीनंतर बदलला आणि तोही फक्त तोट्यातल्या शेअरचा, की समजावं जुना आग्रह परत आलाय. त्यामुळे त्यांच्या वहीत प्रत्येक सौद्याच्या पहिल्या ओळीत दोन गोष्टी असतात, किती दिवसांसाठी घेतला आणि कुठल्या भावाला चूक मान्य करायची.

मागच्या भेटीत त्यांनी विचारलं, धोका एक टक्क्यावर कधी नेऊ? मी म्हटलं, सलग तीस सौदे त्या पहिल्या ओळीप्रमाणे बंद झालेले दाखवा, नफा असो वा तोटा. वही उघडून त्यांनी मोजले. अठरा झालेत, त्यातला एक टार्गेटच्या आधीच विकलेला. तो धरायचा नाही आणि मोजणी त्याच्यानंतरच्या सौद्यापासून पुन्हा सुरू करायची, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.