फवारणीची ओली पँट आणि शुक्राणूंचा रिपोर्ट

"मॅडम, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. कपाशीवर फवारणी मीच करतो. रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी आलेत. औषधामुळेच झालं का? प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणीही सोडू का?"

हा भाऊ यवतमाळकडचा. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. रिपोर्टमध्ये मिलिलिटरमागे 90 लाख शुक्राणू होते. जागतिक आरोग्य संघटना 1.6 कोटी ही खालची मर्यादा मानते. पण आकडा दर नमुन्याला बदलतो, ताप येऊन गेला तरी घसरतो, म्हणून एका रिपोर्टवर मी काहीच ठरवत नाही.

मी विचारलं, फवारता कसं? पंपाचं झाकण गळायचं, औषध पाठीवरून कमरेखाली उतरायचं. पऱ्हाटी कमरेएवढी, ओल्या झाडांतून पुढे चालायचं. पँट मांड्यांपर्यंत भिजलेली, आणि तीच संध्याकाळपर्यंत अंगावर. तोंडाला मात्र रुमाल न चुकता. खरी वाट तर कातडीतून होती. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या प्रयोगांत मनगट ते कोपर या भागाच्या कातडीतून दहावा हिस्साही आत गेला नव्हता, अंडकोषाच्या कातडीतून मात्र जवळपास सगळं औषध शोषलं गेलं.

कीटकनाशकाने वंध्यत्व येऊ शकतं, हे 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमी मारायचं औषध बनवणाऱ्या कामगारांत स्पष्ट दिसलं. आजच्या फवारणीच्या औषधांबाबत पुरावा इतका थेट नाही. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचा संपर्क जास्त असलेल्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी आढळते, पण एका माणसाकडे बोट दाखवून "याचं कारण हेच" असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, हे नेहमी आढळणारं कारण आहे. ते त्याला नव्हतं. टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच ही हार्मोन्सही ठीक. पत्नीचीही तपासणी सोबतच करायला सांगितली.

प्लास्टिकबद्दल सांगितलं की मऊ पीव्हीसीतले थॅलेट आणि कडक पॉलिकार्बोनेटमधलं बीपीए ही रसायनं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. पण ती शरीरात साठून राहत नाहीत, बरीचशी एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातात. गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये घेऊ नका, एवढं पुरे. मग तो सहज म्हणाला, शेतावर पिण्याचं पाणी औषधाच्या धुतलेल्या कॅनमध्ये नेतो. ते मी त्याच दिवशी बंद करायला लावलं. कॅन कितीही धुतला तरी औषध प्लास्टिकमध्ये मुरलेलं राहतं.

शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात, त्यामुळे आजच्या बदलाचा परिणाम आधी दिसत नाही. त्याने पंपाचं वायसर बदललं, कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळला, वाऱ्याच्या दिशेने फवारत स्वतः मागे सरकायला लागला. फवारणी झाली की लगेच साबणाने आंघोळ, कपडे वेगळे. आणि पत्नीने औषध कालवायचं नाही, ते कपडेही हातमोज्यांशिवाय धुवायचे नाहीत, हे मी दोघांनाही बजावलं.

तीन महिन्यांनंतर 1.9 कोटी आले. फवारणीची पद्धत बदलल्यामुळेच, असं मी म्हणत नाही. आता महिन्याभराने तिसरा नमुना द्यायचा आहे, आधीचे दोन ते सात दिवस संबंध टाळून.