‘हुंडा नको, घराचं डाउन पेमेंट करा’: साखरपुड्यानंतर आलेली मागणी

प्रश्न : माझं वय २७. आम्ही कोल्हापूरचे, मुलगा पुण्यात नोकरीला. गेल्या वर्षी सुपारी फुटली, याद्या झाल्या, साखरपुडा झाला; पण त्याचे आजोबा वारले म्हणून लग्न पुढे गेलं. मधल्या काळात आमचं छान जमलं. आता त्याची आई म्हणते, “आम्हाला हुंडा नको, तुमच्याच मुलीच्या घराचं डाउन पेमेंट करा, १२ लाख.” बाबांनी ३ लाख त्याच्या खात्यावर पाठवले. उरलेले आल्याशिवाय तारीख धरणार नाही, असा आता मध्यस्थ काकांकडून निरोप आलाय. तो म्हणतो, घर दोघांच्या नावावर होईल आणि कर्जासाठी आधी नोंदणी लग्न करून घेऊ. नकार दिला तर साखरपुड्याचा खर्च वसूल करू, अब्रुनुकसानीचा दावा लावू, असंही कानावर घातलंय. आमचा हॉलचा ८० हजारांचा अ‍ॅडव्हान्सही अडकलाय. मी काय करू?

उत्तर : ताई, पैशांचं नंतर बघू. आधी नोंदणी लग्नाचं बोलते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी जोखीम तिथे आहे. आज तुम्ही कायद्याने अविवाहित आहात. साखरपुडा कितीही थाटात झाला असला, तरी तो मोडायला कोर्टाची परवानगी लागत नाही आणि कोणतंही कोर्ट तुम्हाला बोहल्यावर उभं करू शकत नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, ३० दिवस गेले आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या, की तुम्ही त्याच क्षणी पत्नी होता. अक्षता पडल्या नाहीत, सासरी गेला नाहीत, याने काही फरक पडत नाही. त्यानंतर मन बदललं तर घटस्फोटच घ्यावा लागतो, आणि लग्नाला एक वर्ष होण्याआधी तो अर्ज एरवी दाखलच होत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा दाखवून कोर्टाची वेगळी परवानगी काढावी लागते. “फक्त कर्जासाठी सही” म्हणून केलेली नोंदणी सोडवायला माझ्याकडे येणाऱ्या मुली कमी नाहीत. बँकेला नेमकं काय लागतं ते तुम्ही स्वतः शाखेत जाऊन विचारा. पैशांचा वाद मिटेपर्यंत कशावरही सही करू नका.

आता मागणीकडे येऊ. तिला हुंडा म्हटलं की नाही, याला कायद्यात किंमत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मधली व्याख्या रुंद आहे. लग्नाच्या संबंधात, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर, एका पक्षाने किंवा त्याच्या आईवडिलांनी दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता तिच्यात येते, मग ती वराला दिलेली असो, वधूला असो की तिसऱ्याच कोणाला. त्यामुळे “घर दोघांच्या नावावर” या उत्तराने मागणी धुऊन निघत नाही. बाबांनी आपण होऊन, कोणी न मागता तुम्हाला काही दिलं, तर ती भेट. त्याला कायद्यात सूट आहे. इथे मात्र रक्कम त्यांनी सांगितली आणि लग्नाची तारीख त्या रकमेला बांधली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की लग्नाआधी केलेली नुसती मागणीही गुन्हा ठरते, समोरच्याने ती मान्य करण्याची गरज नाही. २०२२ च्या एका निकालात घर बांधण्यासाठी मागितलेले पैसेही हुंड्यात धरले गेले. तो खटला लग्नानंतरच्या मृत्यूचा होता, पण ‘घरासाठी मागितले, हुंडा म्हणून नाही’ हा बचाव तिथे चालला नाही.

मागणीसाठी कलम ४ आहे : सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. प्रत्यक्ष घेण्यासाठी कलम ३ आहे, त्यात किमान पाच वर्षं. लोक एक गोष्ट विसरतात, की कलम ३ मध्ये देणाराही गुन्हेगार आहे. म्हणून तुमच्या बाबांना भीती वाटली असेल तर ती रास्त आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये सोय आहे, की गुन्ह्याने पीडित झालेल्या व्यक्तीने केलेल्या निवेदनावरून तिच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येत नाही. या आधारावर बाबांनी ३ लाखांचं खरं खरं सांगावं. पण उरलेले ९ लाख आता सगळं कळूनसवरून दिले, तर ही बाजू दुबळी होते. माझं मत स्पष्ट आहे : यापुढे एक रुपयाही जाऊ देऊ नका, ‘निम्मे देऊ, तारीख तर धरा’ हेही नको.

पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ आली तर एक नीट लक्षात ठेवा. पूर्वीचं ४९८-अ, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हे पती आणि पतीच्या नातेवाइकांसाठी आहे. होणारा नवरा त्यात बसत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यालाही एका घरात राहिल्याचं नातं लागतं. ‘सासरचा छळ’ म्हणून अर्ज लिहिलात तर पहिल्या टेबलावरूनच परत याल. अर्जात १९६१ च्या कायद्याचं कलम ३ आणि ४ लिहा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात हुंडा प्रतिबंधक अधिकाऱ्याची चौकशी करून तिथेही प्रत द्या.

आता पुराव्याचं, आणि इथे मी जरा थांबणार आहे. १९९६ च्या त्या निकालात कायदा मुलीच्या बाजूने सांगितला गेला, पण आरोपी शेवटी सुटला, कारण ज्या पत्रांवर भिस्त होती ती त्यानेच लिहिली हे पक्कं सिद्ध झालं नाही. तुमच्याकडे आज काय आहे? एक, याद्या. सुपारीच्या वेळी दोन्हीकडच्यांनी सह्या केलेला तो कागद शोधा. त्यात मानपान, कपडे, जेवणावळीचा खर्च कोणाचा हे असेल आणि घराचं नाव नसेल, तर घराची मागणी नंतर आली हे तोच कागद बोलेल. दोन, बाबांच्या बँकेचा उतारा. तीन, मध्यस्थ काका. निरोप त्यांच्याकडून आला, म्हणजे ते साक्षीदार आहेत; पण ते दोन्ही घरांचे आहेत आणि उद्या गप्प बसू शकतात. म्हणून त्यांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर साधं विचारा, “काका, कालचा निरोप नीट कळला नाही, नेमकं काय म्हणालेत ते?” जे उत्तर येईल ते जपून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा संदेश मुलाला पाठवायचा आहे. आईने मागितलं, मुलगा गप्प बसला, एवढ्याने तो आपोआप आरोपी होत नाही. ज्याने मागितलं त्याच्यावर कलम ४ लागतं. सगळ्या घराची नावं सरसकट लिहिलेल्या तक्रारी उच्च न्यायालयात रद्द होतात, हेही ध्यानात घ्या. त्याला असं काहीसं लिहा : “बाबांनी ३ लाख दिलेत. बाकीचे ९ लाख आम्ही देणार नाही. ते न देता ठरल्याप्रमाणे लग्न करायची तुझी तयारी आहे का? आणि ३ लाख परत कधी करशील?” भांडण नको, टोमणा नको. फोनवर बोलला तर नंतर तेच मुद्दे लिहून पाठवा. “हो, मी आईशी बोलतो, पैसे परत करतो” असं आलं आणि पैसे खरंच परत आले, तर तुम्हाला तो माणूस कळला. “आईचं ऐकावंच लागेल” असं आलं, तरी कळलाच, आणि तेच पुढे त्याच्याविरुद्धचा कागदही होतं. लग्न लांबल्यामुळे ही विचारणा अविवाहित असताना करता येते आहे.

चॅट पुसू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉटवर थांबू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ते तुमचे वकील करून घेतील, पण मूळ फोन हाताशी हवा.

लग्न मोडायचं ठरलंच, तर देवघेव एकाच बैठकीत करा. त्यांनी घातलेला हार, अंगठी, साड्या तुम्ही परत द्या. तुमच्याकडून गेलेली चेन, अंगठी परत घ्या. सोनं सराफाकडे वजन करून त्याची चिठ्ठी लावा, फोटो काढा, दोन साक्षीदारांच्या सह्यांची पोच घ्या. वाद झाला तर दागिने अडवून धरणारा पक्ष कोर्टात नेहमी वाईट दिसतो, म्हणून ते हिशेबासाठी ओलीस ठेवू नका. पोचेच्या कागदात “कोणतीही तक्रार करणार नाही” अशी ओळ मात्र घालू देऊ नका. ३ लाखांसाठी बाबांच्या नावाने वकिलाची नोटीस पोचपावतीसह पाठवा : अमुक तारखेला, अमुक खात्यावर, ठरलेल्या लग्नापोटी घरासाठी म्हणून रक्कम घेतली, लग्न तुमच्या अटीमुळे होत नाही, १५ दिवसांत परत करा. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या, कारण ‘हुंडा दिला’ एवढंच लिहिलं, तर बेकायदा व्यवहाराचे पैसे परत कसे मागता, असा वाद समोरचा काढतो. मागणी आणि दबाव ठळकपणे यायला हवेत. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे, पण इतकं थांबायचं कारण नाही.

त्यांच्या धमकीचं म्हणाल तर, लग्नाचा शब्द विनाकारण मोडला तर झालेल्या खर्चाची भरपाई करार कायद्याखाली मागता येते, हे खरं आहे. पण इथे शब्द कोणी मोडला? ठरलेल्या याद्यांबाहेरची अट घालून तारीख अडवली ती त्यांनी. तो दावा त्यांच्यापेक्षा तुम्हीच जास्त सरळपणे लावू शकता, साखरपुड्याच्या आणि हॉलच्या पावत्यांसह. अब्रुनुकसानीची काळजी नको. “पैशांवरून जमलं नाही” असं जवळच्या नातलगांना खरेपणाने सांगितल्याने ती होत नाही. फक्त नावानिशी स्टेटस टाकू नका, त्याने त्यांच्या हाती विनाकारण कागद जाईल.

हॉलवाल्याकडे आजच लेखी अर्ज द्या. पावतीच्या मागच्या अटी वाचा. अनेक ठिकाणी किती दिवस आधी कळवलं यावर परतावा ठरतो, म्हणून उशीर तुमच्या अंगावर येतो. ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी ती तारीख दुसऱ्याला दिली गेली आणि त्याचं नुकसानच झालं नाही, तर सगळी रक्कम दाबून ठेवण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. तारीख पुन्हा बुक झाली का, हे अर्जातच विचारा. उत्तर टाळलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.