मोज्यांचा नंबर बुटावरून घेऊ नकोस

परवा यवतेश्वरचा घाट उतरताना तुझा मोजा बघितला. टाचेची खोळ घोट्याच्या वर सरकलेली आणि बोटांपुढे कापडाची घडी. फोड तिथेच येतो. तू म्हणालास, मोजा नवाच आहे, ८–११ नंबरचा. चूक तिथेच झाली. तुझा रोजचा बूट ७ नंबरचा, पण पळायचा तू ८ घेतलास, बोटांना जागा राहावी म्हणून. ते बरोबरच आहे. पण बूट वाढला म्हणून पाऊल वाढत नाही ना! ४–७ आणि ८–११ अशा लेबलांत तू बरोबर सीमेवर आहेस, आणि पळायच्या बुटाने तुला पलीकडे ढकललं.

म्हणून सेंटिमीटरचं लेबल मिळालं तर तेच बघ. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभा राहा. वजन पायावर हवं, बसून मोजू नकोस. सर्वांत लांब बोटापर्यंत माप घे. कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोज, मोठा धर. समजा २५.४ आलं, तर २५–२७ चा मोजा घे.

फक्त बुटाचाच नंबर छापला असेल तर रोजच्या बुटाचा धर. आणि काही अमेरिकी पाकिटांवर १०–१३ असतं, तो बुटाचा नंबर नव्हे, मोज्याचा वेगळा आकडा आहे. मी एकदा फसलोय.