पाहुण्यांची मेळघाट भेट: वेळापत्रक उलटीकडून मांडा

प्रश्न: धारणी तालुक्यातल्या पाच गावांत आमचं बालपोषणाचं काम आहे. देणगीदार कंपनीचे तिघे मुंबईहून दोन दिवसांसाठी येताहेत. पाचही गावं दाखवायची आहेत. वेळापत्रक कसं आखू? आणि फोटोंची परवानगी नेमकी कशी घ्यायची?

उत्तर: पाच गावं विसरा, एकच दाखवा. जमलं तर वाटेवरचं दुसरं, तेही अर्ध्या तासासाठी. आम्ही पहिल्या भेटीत चार गावं ठेवली होती. पाहुण्यांचा दिवस गाडीत गेला आणि चौथ्या गावात बाया सकाळी दहापासून मजुरी बुडवून बसलेल्या. आम्ही पोचलो साडेचारला. पुढे दोन महिने त्या गावात आमच्या बैठकीला कोणी फिरकलं नाही.

आखणी परतीच्या गाडीपासून उलटी करा. अमरावतीहून मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते. धारणी ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर साडेतीन-चार तास दिसतात, पण सेमाडोह-घटांगचा घाट, एखाद्याला हमखास होणारी उलटी आणि परतवाड्याचा चहा धरून मी पाच तास लावते. म्हणजे दुसऱ्या दिवशी बाराला धारणी सुटलीच पाहिजे आणि गावातलं काम आठ ते साडेदहात संपलं पाहिजे. सुदैवाने आयांनाही हीच वेळ सोयीची असते, पण तुमच्या गावात एकदा विचारून घ्या, कारण पेरणीच्या दिवसांत त्या उजाडताच शेतात असतात. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर जातात, होळीला परततात. होळीच्या आठवड्यात गाव भरलेलं असतं, पण ते सणात असतं, तुमच्या पाहुण्यांसाठी नव्हे.

पहिला दिवस: रात्रीच्या गाडीने सकाळी अमरावती, नाश्ता करून निघायचं, दुपारी धारणीत जेवण. संध्याकाळी तुमच्या कार्यालयात आकडे, खर्च, अडचणी सगळं बोलून घ्या, म्हणजे गावात कोणी आईसमोर कागद उघडून बसणार नाही. मुक्काम धारणीतच. हरिसालच्या पुढेमागे फोनच्या रेंजचा भरवसा नसतो, म्हणून चालकाला आणि गावातल्या कार्यकर्त्याला वेळा कागदावर लिहून द्या.

अंगणवाडी सरकारची आहे, तुमची नाही. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना किमान आठवडाभर आधी पत्र द्या आणि पोच घ्या. नाहीतर पाहुणे गेल्यावर जाब सेविकेलाच द्यावा लागतो.

भेटायला माणसं चार-पाचच. सेविका, आशा, वजन वाढलेल्या बाळाची आई आणि वाढून पुन्हा घसरलेल्या बाळाचीही आई. ही दुसरी आई सगळे लपवतात, पण पैसा नेमका कुठे अडतो ते तिच्याकडूनच कळतं. शक्य असेल तर भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक उपचार करणारा, तोही. मूल आजारी पडलं की पुष्कळ घरं आधी त्याच्याकडे जातात. कोरकू बोलणारा दुभाषा गावाबाहेरचा घ्या, कारण शेजारणीसमोर बाई मोकळी बोलत नाही.

आता फोटो. आमच्या एका अहवालात कुपोषणावरच्या मजकुराशेजारी एका बाळाचा फोटो छापला गेला. आईचा अंगठा कागदावर होता. तो अहवाल गावात पोचला आणि लोक तिला "उपाशी पोराची आई" म्हणू लागले. ती कार्यालयात येऊन माझ्याशी भांडली, आणि तिचं बरोबर होतं. तिने अंगठा दिला होता तो आमच्या गाडीला, फोटोला नव्हे.

तेव्हापासून परवानगी आदल्या दिवशी, कॅमेऱ्याविना, कोरकूत घेतो. प्रश्न तीन आणि वेगवेगळे: कंपनीच्या अहवालात चालेल का, फेसबुकवर चालेल का, बाळाचं नाव घालू का. मग तिलाच विचारतो, "फोटो कुठे जाणार?" तिला सांगता आलं तर होकार. "साहेबांना पाहिजे म्हणून" असं उत्तर आलं, तर तो नकार समजून लिहितो. नाही म्हटल्याने बाळाचा आहार थांबणार नाही, हे सेविकेच्या तोंडून सांगायला लावतो. छापलेला फोटो परत घेता येत नाही, हेही आधीच सांगतो.

तीव्र कुपोषित बाळाचा चेहरा आईचा होकार असला तरी आम्ही घेत नाही. वजन करतानाचा उघडा फोटोही नाही. बाळ बालगृहातलं किंवा अत्याचारग्रस्त असेल, तर ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हाच आहे, तिथे आईच्या होकाराचा प्रश्नच येत नाही.

पाहुण्यांचे फोन गावात खिशात राहतील, हे निमंत्रणाच्या पत्रातच लिहा, गाडीतून उतरताना सांगितलं की लोक दुखावतात. फोटो तुमचाच एक माणूस काढील, फोनमधलं लोकेशन बंद करून. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत जागेची नोंद तशीच राहते, बरेच जण तिथे फसतात. फाइलला बाळाचं नाव नको, क्रमांक द्या आणि होकाराच्या कागदावर तोच क्रमांक टाका.

आणि पाहुण्यांना बिस्किटांचे पुडे आणू नका म्हणून आजच कळवा. सेविका पुढचा आठवडाभर "बिस्किटं कधी?" याला उत्तर देत बसते.