ट्रेबल फुल केला तरी काही होत नाही: आधी व्हॉल्यूम पॉट बघा

> "५५३२ वाला प्रीअँप किट जोडलाय. बास मध्यावर असूनही आवाज घुमतो, ट्रेबल पूर्ण फिरवला तरी जेमतेम फरक. गंमत म्हणजे व्हॉल्यूम फुल केला की ट्रेबल येतो! दोन आयसी बदलून झाले. काय चुकतंय?"

नमस्कार. शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि लिहायलाच बसलो. हाच त्रास मी चार महिने काढलाय. आयसी बदलणं थांबवा, आयसीचा काही दोष नाही.

आधी सांगतो, मी इंजिनियर नाही, हौशी आहे. तुमचा सर्किट डायग्राम पाहिलेला नाही, त्यामुळे खालचे आकडे माझ्या बोर्डाचे आहेत. पण सगळ्या किटमध्ये साधारण तेच बॅक्सँडॉल सर्किट असतं. पीटर बॅक्सँडॉल यांनी ते १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये मांडलं, आणि अजून तेच चालतं. माझ्याकडे बासला १०० केचा पॉट, त्याच्या दोन्ही टोकांना १० केचे रेझिस्टर आणि प्रत्येक टोकापासून वायपरपर्यंत ४७ नॅनोफॅरड होते. वायपरपासून ऑपॅम्पच्या इनव्हर्टिंग पिनपर्यंत आणखी एक १० के. ट्रेबलला ५०० केचा पॉट, दोन्हीकडे ३.६ के आणि वायपरला २.२ नॅनोफॅरड.

बास पूर्ण वाढवला की इनपुटच्या बाजूला फक्त १० के उरतात आणि फीडबॅकच्या बाजूला ११० के जातात. म्हणजे अगदी खालच्या फ्रीक्वेन्सीला ११ पट, जवळजवळ २१ डीबी. ५० हर्ट्झला कपॅसिटरमुळे ते १६ पर्यंत उतरतं आणि १ किलोहर्ट्झला जवळपास शून्यावर येतं. ट्रेबल पूर्ण वाढवला तर कागदावर १९ डीबी निघतात, पण ते ऐकू येण्याच्या पट्टीच्या पलीकडे. १० किलोहर्ट्झला साडेबारा आणि २० ला सव्वासोळा-साडेसोळा मिळतात. तेव्हा १० किलोहर्ट्झला १२ दिसले तर तो बिघाड समजू नका.

आता मुद्दा. हे सगळं गणित एकाच अटीवर चालतं. टोन सर्किटला सिग्नल देणाऱ्या भागाचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य हवा. माझ्या किटमध्ये व्हॉल्यूम पॉटचा वायपर थेट टोन सर्किटला जोडलेला होता. १०० केचा व्हॉल्यूम पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असेल तेव्हा त्याच्या वायपरकडून मागे पाहिलं तर ५० के आणि ५० के समांतर, म्हणजे २५ के दिसतात. लॉग पॉटमध्ये ही जागा घड्याळाच्या तीनच्या आसपास येते. हे २५ के तुमच्या इनपुट रेझिस्टरला सीरिजमध्ये चिकटतात, आणि ट्रेबल फुल असताना टोन सर्किटचा वरच्या फ्रीक्वेन्सीला दिसणारा इनपुट रेझिस्टन्स जेमतेम दीड के होतो. दीड के भरायला २५ केमधून पाणी सोडल्यासारखं.

मी हिशेब केला तेव्हा चित्र असं निघालं. मधली फ्रीक्वेन्सीच १० ते ११ डीबी खाली जाते. बास पॉट मध्यावर असतानाही खालचा भाग मधल्यापेक्षा सात-आठ डीबी वर राहतो, तेच तुमचं घुमणं. ट्रेबल फुलला १० किलोहर्ट्झवर साडेबाराऐवजी जेमतेम पाच मिळतात. उलट ट्रेबल पूर्ण कमी केला तर तो व्यवस्थित, अकरा-एक डीबी कमी होतो. कमी होतो पण वाढत नाही, ही खूण लक्षात ठेवा. आयसी खराब असता तर दोन्ही बाजूंना गडबड झाली असती. आणि व्हॉल्यूम फुल केला की वायपर पॉटच्या वरच्या टोकाला जातो, मधले २५ के नाहीसे होतात, ट्रेबल परत येतो. तुम्ही ज्याला गंमत म्हणताय ते निदान आहे.

माझे चार महिने आणि बरेच पैसे जिथे गेले ते सांगतो. तपकीर गल्लीतून तीन आयसी, दोन नवीन पॉट आणले, काही उपयोग नाही. मग बोर्ड एका दुरुस्ती केंद्रात दिला. नाव घेत नाही. तीन आठवड्यांनी 'ओके, नो फॉल्ट' असा कागद आणि बिल हातात. मी विचारलं, तुम्ही तपासलं कसं? काउंटरवरच्या माणसाला माहीत नव्हतं आणि आतल्याशी बोलू दिलं नाही. दुसऱ्यांदा दिला, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी योगायोगाने आतला तंत्रज्ञ बाहेर आला आणि म्हणाला, "आम्ही व्हॉल्यूम फुल ठेवूनच मोजतो, नाहीतर पॉटची चूक मोजण्यात येते." एवढं वाक्य पहिल्या दिवशी कागदावर असतं तर मी घरी व्हॉल्यूम फिरवून बघितलं असतं. कोणत्या सेटिंगला मोजलं हे न लिहिता 'नो फॉल्ट' लिहिणं मला अजूनही खटकतं. तेव्हा कुठेही दिलंत तर मोजणी कुठल्या सेटिंगला केली ते लेखी मागा.

उपाय सोपा आहे. व्हॉल्यूमचा वायपर आणि टोन सर्किट यांच्यामध्ये एक बफर: ऑपॅम्पचा आउटपुट त्याच्याच इनव्हर्टिंग पिनला जोडायचा, वायपर नॉन-इनव्हर्टिंगला. त्या पिनपासून ग्राउंडला १ मेगचा रेझिस्टर टाका, म्हणजे पॉटचा वायपर क्षणभर सुटला तरी पिन लोंबकळत राहणार नाही. स्टिरिओला एक टीएल०७२ पुरतो. मी डॉटेड बोर्डच्या तुकड्यावर बसवला आणि सप्लायच्या दोन्ही पिनांना अगदी जवळ १०० नॅनोफॅरड लावले. काम तासाभराचं. १० किलोहर्ट्झला बारा डीबीच्या वर आकडा दिसला आणि बास मध्यावर सपाट झाला.

कुणी सांगेल की बफर कशाला, व्हॉल्यूम पॉटच टोननंतर ठेवा. मला ते पटत नाही. सीडी प्लेयरचे २ व्होल्ट म्हणजे शिखराला २.८. बास फुल केला की ते ११ पटीने ३१ व्होल्टकडे जायला बघतात आणि अधिक-उणे १२ व्होल्टवर चालणारा ऑपॅम्प साधारण १० वरच कापतो. मग व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी आवाज फाटलेलाच येणार. माझं मत, इतरांचं वेगळं असू शकतं.

मोजताना साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. स्वस्त मीटरचा एसी आकडा बऱ्याचदा ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा असतो, १० किलोहर्ट्झला तो काहीही दाखवतो. लॅपटॉपच्या साउंड कार्डमधून REW या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर स्वीप घ्या. व्हॉल्यूम तीनवर ठेवून एकदा आणि फुलवर एकदा. दोन रेषांचा आकार वेगळा आला, तर तुमचा बोर्ड माझ्यासारखाच आहे.

एक जाता जाता: पॉट बदलले असतील तर त्यांवर बी छापलंय ना ते बघा. या सर्किटला लिनियर लागतो. ए छापलेला लॉग पॉट बसला तर सपाट जागा मध्यावर येणारच नाही, आणि मग बफर लावूनही तुम्ही गोंधळात पडाल. स्वीप आले की इथेच टाका, बघतो.