कालचा सहकारी आज ऐकत नसेल तर

"दोन महिन्यांपूर्वी मला टीम लीडर केलं. चार वर्षं ज्याच्या शेजारी बसून काम केलं तो आता माझ्या हाताखाली आहे. काम सांगितलं की 'बघू' म्हणतो आणि करत नाही, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला तोडतो. त्याच्याशी वाकडं न घेता हे कसं सुधारू?"

तुम्ही त्याला काम नेमकं कोणत्या शब्दांत सांगता, ते आज बसून लिहून काढा. मी पहिल्यांदा लीडर झालो तेव्हा माझी खरी गोम तिथेच होती. जुन्या मित्रावर हुकूम सोडतोय असं दिसू नये म्हणून मी म्हणायचो, "अरे, जमलं तर तेवढा महिन्याचा रिपोर्ट बघशील का?" तो "बघतो" म्हणायचा. तारीख उलटली की माझा पारा चढायचा आणि मी चारचौघांत बोलून जायचो. त्याच्या बाजूने बघा: मी विनंती केली होती, ती त्याने बाजूला ठेवली, आणि मी एकदम साहेब होऊन ओरडलो. नंतर मी वाक्य बदललं: "महिन्याचा रिपोर्ट तुझ्याकडे. गुरुवारी चारपर्यंत हवा. काही अडचण असेल तर उद्या दुपारपर्यंत सांग." आवाज तोच, मैत्रीचा. पण काम कुणाचं, कधीपर्यंत आणि अडलं तर काय, यात शंका उरली नाही.

एवढ्याने निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी एकदा समोरासमोर बसावंच लागलं.

ते पद त्यालाही हवं होतं का, याचा अंदाज तुम्हाला असेलच. माझ्या सहकाऱ्याला हवं होतं. मी बंद खोलीत अर्धा तास काढला आणि सुरुवातीलाच विचारलं, "इतकी वर्षं आपण बरोबरीने काम केलं आणि आता मी तुला काम सांगतो. तुला हे कसं वाटतंय?" मग गप्प बसलो. ती शांतता फार जड होती. शेवटी तो म्हणाला, "निवड झाल्याचं मला बाकीच्यांबरोबर मेलवरून कळलं. तू तरी आधी सांगायला हवं होतंस." मला खुलासे द्यायची प्रचंड इच्छा झाली, पण मी एवढंच म्हणालो, "खरं आहे, सांगायला हवं होतं." अशा वेळी "मला तरी कुठे हे पद हवं होतं" असं चुकूनही म्हणू नका. ते खोटं वाटतं, आणि मग तुमचं का ऐकायचं, हा प्रश्न तुम्हीच त्याच्या हातात देता.

त्याचं बोलून झाल्यावर मी माझी बाजू मांडली, एकाच प्रसंगापुरती. "मंगळवारी मी कामाची वाटणी सांगत असताना तू 'हे चालणार नाही' म्हणालास आणि चर्चा तिथेच थांबली. तुझा आक्षेप मला हवाय, पण वाटणी ठरण्याआधी. सोमवारी मी तुला कच्चा आराखडा दाखवेन. त्यावर हवं तेवढं भांड. एकदा ठरलं की मीटिंगमध्ये दोघांनी तेच धरून चालायचं." 'तू नेहमीच असं करतोस' म्हणालो असतो तर तो जुने हिशेब काढत बसला असता. मीही एक गोष्ट सोडून दिली: काम कसं करायचं हे त्याने ठरवायचं, मी फक्त काय आणि कधीपर्यंत ते सांगायचं. त्याला ते काम माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, आणि मी उगाच पद्धतीत नाक खुपसत होतो, हे मला तेव्हाच उमगलं.

या भेटीच्या आधी तुमच्या वरिष्ठांना एक गोष्ट सांगून ठेवा. तो थेट त्यांच्याकडे गेला तर त्यांनी ऐकून जरूर घ्यावं, पण निर्णय न देता "आधी लीडरशी बोल" म्हणून परत पाठवावं. माझ्या वरिष्ठांनी सुरुवातीला चांगुलपणाने त्याला परस्पर मुदत वाढवून दिली होती. त्यानंतर पुढचे तीन आठवडे माझ्या कुठल्याच तारखेला अर्थ उरला नव्हता.

फरक लगेच दिसेल असं समजू नका. माझ्याकडे महिनाभर लागला. तो सुधारतोय हे ओळखायचं कसं? हसून बोलतो की नाही, यावर जाऊ नका. अडचण मुदतीआधी सांगतो का, एवढं बघा. वाद घालून काम वेळेवर देणारा माणूस विरोधक नसतो, त्याला तसाच राहू द्या.

स्पष्ट सांगूनही चार-सहा आठवडे कामं तशीच लोंबकळत राहिली, तर प्रश्न दोघांत मिटण्यापलीकडे गेलाय असं धरा. तेव्हा वरिष्ठांकडे जाताना तक्रार नको, वही न्या: कोणत्या तारखेला काय सांगितलं, मुदत काय होती, काय झालं. आणि जाताय हे त्याला आदल्या दिवशी तुम्हीच सांगा. माझी निवड झाल्याचं मी आधी सांगितलं नाही, हे माझ्या सहकाऱ्याने मनात धरलं होतं, ती चूक तुमच्याकडून नको.