मॅडमच्या परिचयाचे तीन साइझ, आणि 'संस्थापिका'चं काय?

"आमच्या मॅडमचा बायो परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी छोटा, मधला, मोठा असा तीन साइझमध्ये मागितलाय. बायोला चरित्र म्हणायचं का? आणि संस्थापक लिहू की संस्थापिका?"

चरित्र नको, त्यात माणसाचं अख्खं आयुष्य येतं. पत्रिकेत 'परिचय' किंवा 'वक्त्यांचा परिचय' बरं दिसतं. संस्थापक-संस्थापिका दोन्ही चालतात, मॅडमच्या कार्डावर जे आहे तेच तिन्हीकडे ठेवा. कंपनी दोघांनी काढली असेल तर मात्र 'सहसंस्थापक'मधला 'सह' जागा वाचवायला उडवू नका, पार्टनर पत्रिका वाचतोच!

खरी मेख आपल्या वाक्यरचनेत आहे. मराठीत विशेषणं नावाच्या आधी येतात, म्हणून लोक लिहितात "सांगलीत जन्मलेल्या, रसायन अभियांत्रिकीत एम.टेक. केलेल्या, अनेक पुरस्कारांनी सन्मानित असलेल्या, नाशिकला कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्या अमुकअमुक". यात कामाची गोष्ट सगळ्यात शेवटी आली, आणि वाक्य एकच असल्यामुळे छोटं करायला कुठे कापायचं तेही कळत नाही.

त्यामुळे साखळी तोडा. समजा परिषद द्राक्षांच्या साठवणुकीवर आहे, तर छोटा असा: "द्राक्षांच्या प्रीकूलिंगमध्ये २०११ पासून काम. नाशिकच्या कोल्ड स्टोरेज कंपनीच्या संस्थापक." नाव वर ठळक छापलेलं असतंच, परत कशाला. मधल्यात याच दोन गोष्टी पूर्ण वाक्यांत, 'त्या... आहेत' करून, आणि पुढे "तोडणीनंतर माल किती तासांत थंड करायचा, यावर त्या बागायतदारांना सल्ला देतात." मोठ्यात त्याच्यापुढे एम.टेक., मग पुरस्कार, सांगली शेवटी. असं रचलं की संपादकाने शेवटून कापलं तरी सांगलीच जाते, द्राक्षं राहतात.

हाच परिचय गुंतवणूकदारांच्या परिषदेला जाणार असेल तर नुसतं शेवटून कापून भागत नाही, पहिलं वाक्यच बदलायचं: किती टनांची साठवण, किती शीतगृहं, मग प्रीकूलिंग. एम.टेक. दोन्हीकडे मागेच, पण परिषदेचा विषय रसायन अभियांत्रिकीचाच असला तर ते पहिल्या वाक्यात येईल.

'गेली १४ वर्षे' लिहू नका, पुढच्या वर्षी ती फाइल तशीच कुणीतरी पाठवतं आणि आकडा खोटा पडतो, 'पासून' टाकलं की मिटलं. 'कार्यरत आहेत' पण काढा, त्यातून काही कळत नाही, नेमकं काय करतात ते क्रियापद घाला.

आणि मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते आधी विचारून घ्या. ऑनलाइन फॉर्म बऱ्याचदा मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजतात, 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं पण तिथे सहा भरतात, त्यामुळे इंग्रजीवरून आलेली २०० ची मर्यादा मराठीत पटकन संपते.